गरोदर बाईच्या फोनवर दर आठवड्याला आठवण पाठवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गरोदरपणाच्या साप्ताहिक आठवणी तयार करणारे आणि पाठवणारे सर्व अधिकारी, डॉक्टर आणि अॅपवाले



मी बालाघाट जिल्ह्यातली निवृत्त एएनएम. आयुष्यभर पोटावर टेप लावून आठवडे मोजले, लाल गोळ्या वाटल्या, कार्डं भरली. आता ते काम फोन करतो असं म्हणतात. करू दे, माझी हरकत नाही. रात्री गोळी विसरणाऱ्या सुनेला कुणी वेळेवर आठवण केली तर मला आनंदच आहे. पण या आठवणी ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया तुम्ही पाहिला आहे का, अशी शंका येते म्हणून हे पत्र.

सरकारी सेवेचं नाव 'किलकारी'. २०१६ पासून देशभर पसरत गेलेली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक ध्वनिसंदेश, असे एकूण ७२. बाईला वाचता येत नसलं तरी चालतं, स्मार्टफोन लागत नाही, पैसे पडत नाहीत. कल्पना उत्तम आहे आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही. याशिवाय खासगी अॅप आहेत. त्यांची चित्रं सुंदर असतात, बाळ आज ब्लूबेरीएवढं आणि पुढे अवोकाडोएवढं झालं असं सांगतात. बैहरच्या बाजारात अवोकाडो कधी आलेला मी पाहिलेला नाही, पण तो मुद्दा सोडून देते.

माझा मुद्दा तारखेचा आहे. सरकारी असो की खासगी, तुमचा प्रत्येक संदेश एका तारखेवर चालतो, ती म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. तिथून २८० दिवस मोजले की बाळंतपणाची अंदाजे तारीख. ही तारीख नोंदणीच्या वेळी एकदा टाकली जाते आणि पुढचे सगळे आठवडे तिच्यामागे आपोआप चालत राहतात. ती चुकली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच चुकतं, आणि फोन मात्र दर आठवड्याला तितक्याच खात्रीने बोलतो.

एक उदाहरण देते. नावगाव सोडून देते, तारखा मात्र जशाच्या तशा ठेवते. लांजीकडची एक सून, पहिलटकरीण. नोंदणीला सासूबरोबर आली. समोरच्या कर्मचाऱ्याने विचारलं, पाळी कधी आली होती? सून लाजून गप्प. सासू म्हणाली, राखीच्या सुमाराला असेल. रकान्यात पूर्ण तारीख घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून पडली १५ ऑगस्ट २०२४. कुणाला दोष द्यावा? कर्मचाऱ्यामागे रांग होती, सासूने मनापासून उत्तर दिलं होतं, आणि रकाना रिकामा चालत नव्हता.

पुढे मी तिला एकटीला बसवून विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, महालक्ष्म्या घरात आल्या त्या दिवशी मी बाजूला बसले होते, सगळ्या बायका आरतीला आणि मी मागच्या खोलीत. त्या वर्षी महालक्ष्म्या आल्या १० सप्टेंबरला. कालनिर्णय काढून पाहिलं की झालं. बाईला तारीख आठवत नाही असं आपण म्हणतो, पण तिला कोणत्या सणाला शिवायचं नव्हतं ते पक्कं आठवतं. पोळा, राखी, महालक्ष्म्या, दसरा, भाऊबीज, संक्रांत, होळी. दोन सणांच्या मधली पाळी असेल तर 'सणाच्या आधी की नंतर, किती दिवसांनी' एवढं विचारलं की चार-पाच दिवसांच्या आत तारीख सापडते. तुमच्या कुठल्याही अर्जात हा प्रश्न नाही.

१५ ऑगस्ट आणि १० सप्टेंबर यांत २६ दिवसांचं अंतर आहे, म्हणजे चार आठवड्यांना दोन दिवस कमी. आता या २६ दिवसांनी काय केलं ते बघा.

जानेवारीच्या सुरुवातीला फोन म्हणाला, तुमचा विसावा आठवडा आला, बाळाचे अवयव पाहण्याची सोनोग्राफी करून घ्या. खरं तर तिचा सोळावा नुकताच पूर्ण झाला होता. ही सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करायची असते, कारण त्याआधी हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा नीट दिसत नाहीत. कुटुंबाने गाडी ठरवली, मजुरी बुडवली, बालाघाटला गेले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कार्डावरचे आठवडे पाहिले, पडद्यावरचं बाळ पाहिलं, आणि म्हणाले की वाढ कमी वाटते, तीन-चार आठवड्यांनी परत या. घरी रडारड. सुनेच्या खाण्यावर, तिच्या माहेरावर, तिच्या कामावर बोट ठेवून झालं. बाळाची वाढ उत्तम होती. मोजणारा आकडा खोटा होता.

मार्च-एप्रिल त्यातल्या त्यात बरे गेले. मग आला मे. २२ मे रोजी कार्डाप्रमाणे दिवस भरले. तिच्या फोनवर 'आता कधीही' अशा आठवणी सुरू होत्याच. कळा नाहीत म्हणून घरचे अस्वस्थ झाले आणि कळा आणायचं इंजेक्शन द्या म्हणून दवाखान्यात धावायला निघाले. त्या दिवशी तिचे खरे ३६ आठवडे आणि २ दिवस झाले होते. तेव्हा कळा आणल्या असत्या तर बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असतं. श्वासाचा त्रास, अंग गार पडणं, दूध न ओढणं हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको. सुदैवाने महालक्ष्म्यांची तारीख तोपर्यंत कार्डावर लाल शाईने लिहिलेली होती. १२ जूनला, ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर, आपल्या आपण कळा येऊन ती बाळंत झाली. फोन मात्र तीन आठवडे आधीपासून नवजात बाळाच्या अंघोळीबद्दल बोलत होता.

म्हणून पहिली मागणी अशी की तारीख दुरुस्त करण्याची सोय द्या, आणि ती कधी दुरुस्त करायची ते संदेशातच सांगा. नियम अवघड नाही. पहिल्या तीन महिन्यांत झालेली सोनोग्राफी सगळ्यांत भरवशाची. ती आणि पाळीची तारीख यांत आठवड्याहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची, नवव्या आठवड्याच्या आत झाली असेल तर पाच दिवसांहून जास्त फरकही पुरे. सोळाव्या ते एकविसाव्या आठवड्यात दहा दिवसांहून जास्त फरक दिसला तरच बदल करायचा. या सुनेच्या बाबतीत २६ दिवसांचा फरक होता, आणि वाढ कमी म्हणण्याआधी तारीखच तपासायला हवी होती.

आणि एकदा पक्की झालेली तारीख पुन्हा हलवायची नाही. हे सांगायलाच हवं, कारण प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर बाळंतपणाची एक नवी तारीख छापून येते आणि घरचे सगळ्यांत ताजा कागद खरा मानतात. शेवटच्या तीन महिन्यांत मशीनचा अंदाज दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतो. बाळ बारीक असेल तर तारीख पुढे जाते, आणि खरोखरच कमी वाढलेलं बाळ त्या नव्या तारखेच्या आड लपतं. या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून 'कागद पाहा' एवढं सांगून भागत नाही. कोणता कागद, ते सांगावं लागतं.

दोन बायका तुमच्या हिशेबातून पूर्ण सुटतात. एक, जिची पाळी २८ दिवसांची नाही. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं, तेव्हा तिचे आठवडेही तेवढेच मागे. दुसरी, जी अंगावर पाजत असताना, पाळी परत सुरू न होताच पुन्हा गरोदर राहते. आमच्याकडे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तिला शेवटची पाळी कधी आली विचारलं तर ती मागच्या बाळंतपणाच्या आधीची सांगते. रकान्यात काहीतरी घालावंच लागतं, म्हणून कुणीतरी काहीतरी घालतं. 'माहीत नाही, आधी सोनोग्राफी' असा एक पर्याय त्या रकान्यात असू द्या. फार मोठं काम नाही.

सगळंच तारखेवर अडतं असं मी म्हणत नाही. लोहाच्या गोळीला चार आठवडे मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर तेवढेच दिवस. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून, दिवसातून दोनदा. इथे माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही 'गोळी घ्या' म्हणता. कोणती गोळी कधी, ते सांगत नाही, किंवा अर्धं सांगता. कॅल्शियम आणि लोह एकत्र गेलं की लोह अंगी लागत नाही. चहाबरोबर घेतली तरी तेच. म्हणून कॅल्शियम सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर, आणि लाल गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, झोपायच्या आधी. शौचाला काळं होईल, ते रक्त नाही, घाबरू नका. एवढं सांगितलं तर निम्म्या बायका गोळ्या टाकून देणार नाहीत. बहुतेक जणी मळमळीमुळे आणि काळ्या शौचामुळे सोडतात. गोळी आवडत नाही असं सांगायची लाज वाटते म्हणून विचारलं की 'घेते' म्हणतात.

त्याहून मोठी गोष्ट अशी की 'रोज एक' हे सगळ्यांसाठी खरं नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी. ७ ते १०.९ च्या मध्ये असेल तर दिवसाला दोन गोळ्या द्यायच्या असतात, आणि ७ च्या खाली असेल तर गोळीवर भागत नाही, तिला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. आता ८.४ असलेल्या बाईला आरोग्य केंद्रात दोन गोळ्या सांगितल्या, आणि दर आठवड्याला फोन म्हणतो एक. ती कुणाचं ऐकेल? फोन दर आठवड्याला बोलतो, सिस्टर महिन्यातून एकदा.

आणि इथे आमच्या जिल्ह्याची गोष्ट येते. गोंड आणि बैगा वस्त्या, आणि त्यांच्याबरोबर राहणारे आम्ही सगळ्याच जातींचे लोक, सिकल सेलच्या पट्ट्यात राहतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं ते याच राज्यातल्या शहडोलमधून. ज्या बाईला सिकल सेलचा आजार आहे, तिचं रक्त लोह कमी म्हणून कमी नसतं, पेशी लवकर मोडतात म्हणून कमी असतं. तिला वारंवार रक्त चढलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त साचलेलं असू शकतं. तिला फॉलिक अॅसिडची मोठी मात्रा लागते आणि लोह तपासून मगच द्यायचं असतं. तुमचा साप्ताहिक संदेश तिला आणि तिच्या शेजारणीला एकच. नुसती वाहक असलेल्या बाईला लोहाची गोळी चालते, हेही त्याच दमात सांगा, नाहीतर 'सिकलवाल्यांनी गोळी घ्यायची नाही' अशी अफवा दोन दिवसांत बैहरपर्यंत पोहोचेल.

गोळ्या महिनाभर नीट घेऊन हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, ८.४ चं ८.६ झालं, तर तो संशयाचा क्षण. गोळ्या खरंच पोटात जातात का, जंत आहेत का, की सिकल किंवा थॅलसेमिया आहे, हे तेव्हा बघायला हवं. तुमच्या फोनला हा आकडा ऐकायची सोय असती तर हा प्रश्न त्यानेच विचारला असता. पण तुमच्या आठवणी बोलतात, ऐकत नाहीत. 'किती गोळ्या उरल्या? एक दाबा, दोन दाबा' एवढं विचारलं तरी चित्र बदलेल. पंधरा दिवसांनी तीस गोळ्यांच्या पाकिटात वीस उरल्या असतील तर आशाताईला घरी जायला कारण मिळेल.

आता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात. गर्दी असते, एका बाईच्या वाट्याला दोन मिनिटं. अशा वेळी वीस प्रश्नांची यादी पाठवणारं अॅप तिला मदत करत नाही, तिला गप्प करतं. एका भेटीला एकच प्रश्न द्या, आणि तो असा द्या की त्याचं उत्तर आकड्यात किंवा होय-नाहीत येईल. 'माझं रक्त ठीक आहे का' असं नको, 'हिमोग्लोबिन किती' असं. 'बीपी ठीक' नको, आकडा. अवयवांच्या सोनोग्राफीनंतर विचारायचं, वार खाली तर नाही ना? ३६ व्या आठवड्याला, डोकं खाली आहे का? आकडे कार्डावर लिहून घ्यायचे.

पण एक प्रश्न असा आहे की तो विचारायला किलकारीचा पहिला संदेश येईपर्यंत उशीर झालेला असतो. नवरा-बायको दोघेही सिकल सेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पोटातल्या बाळाची तपासणी शक्य आहे, पण ती वारेच्या नमुन्यावरून साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात आणि गर्भजलावरून पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर होते. त्याआधी दोघांचा रक्ताचा अहवाल हातात हवा, जबलपूर किंवा नागपूरसारख्या मोठ्या ठिकाणी जाण्याची तयारी हवी, आणि निर्णय त्या जोडप्याचाच असायला हवा. चौथ्या महिन्यात पहिला संदेश आला तर एवढं सगळं कसं बसणार? फॉलिक अॅसिडचंही तेच. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. बऱ्याच बायकांना पाळी चुकल्याचं तेव्हाच कुठे लक्षात येतं. या दोन गोष्टींची आठवण गरोदर बाईला करून काही होणार नाही. ती लग्न झालेल्या जोडप्याला करावी लागेल, आणि नवऱ्यालाही. तशीही फोन बहुतेक घरांत त्याच्याच खिशात असतो.

फोनवरून आणखी एक. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी सुना आमगाव, तिरोडा, गोंदियाच्या लेकी आहेत. सातव्या-आठव्या महिन्यात त्या माहेरी जातात. राज्य बदलतं, तपासणीचं केंद्र बदलतं, आणि नवऱ्याच्या नंबरवर नोंदलेले संदेश लांजीतच राहतात. महाराष्ट्रात किलकारी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिथे मराठीत. आमच्या बाजूला हिंदीत. पोवारी आणि मराठी बोलणारी घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहेत. भाषा निवडायची आणि नंबर बदलायची सोय बाईच्या हाती द्या. अगदी शेवटच्या दोन महिन्यांत, ज्या काळात रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी, डोकं फुटेल असं दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं या खुणा तिला कळायला हव्यात, तेव्हाच तुमचा आवाज तिच्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर बोलत असतो.

आणि ज्या बाईचं मूल पोटात गेलं तिच्या घरी फोन थांबवा. हे मी एका ओळीत लिहिते, कारण यावर वाद होऊ शकत नाही. नोंद करायला महिना लागत असेल तर फोनवरच एक बटण द्या, जे दाबल्यावर संदेश बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी आशाताई घरी येते.

मध्य प्रदेशातल्याच रीवा, राजगढ, तेव्हाचं होशंगाबाद आणि मंदसौर या चार जिल्ह्यांत किलकारीचा मोठा अभ्यास झाला होता. कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांच्या वापरात फरक दिसला, पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध देण्यात दिसला नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. सांगितलेलं ऐकणं आणि ते करणं यांच्यामध्ये सासू असते, शेत असतं, बस असते. पण चुकीच्या आठवड्याला सांगितलेलं ऐकून बाई दवाखान्यात धावते, हे मी पाहिलं आहे. म्हणून संदेश वाढवण्याआधी तारीख दुरुस्त करा.

तोवर ज्या बायकांपर्यंत हे पत्र पोहोचेल त्यांना एक सांगते. कार्डावरची पाळीची तारीख स्वतः वाचा, कॅलेंडरवर जवळचा सण शोधून पडताळा, आणि फरक असेल तर पुढच्या ९ तारखेला तपासणीला बसायच्या आधी ती बदलून घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त एएनएम
वारासिवनी, जि. बालाघाट (म. प्र.)